आरएसयूचा फॉर्म १६ मधला आकडा ब्रोकरच्या कागदांशी जुळत नाही तेव्हा

प्रश्न: आमच्या कंपनीची पालक कंपनी अमेरिकेत लिस्टेड आहे. २०२४-२५ मध्ये माझे आरएसयू, म्हणजे पगाराचा भाग म्हणून मिळणारे कंपनीचे शेअर, तीनदा वेस्ट झाले, म्हणजे माझ्या हक्काचे झाले, शेवटचे मार्चअखेर. फॉर्म १२बीए मधला पर्क्विझिटचा, म्हणजे रोख पगाराशिवाय मिळालेल्या करपात्र लाभाचा, आकडा मी ब्रोकरच्या स्टेटमेंटवरून काढलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी आहे. फेब्रुवारीत काही शेअर विकले, तर ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये खरेदी किंमत शून्य दिसते. रिटर्नमध्ये पगार किती दाखवू आणि शेअरची किंमत कोणती धरू?

उत्तर:

जे वेस्टिंग फॉर्म १६ मध्ये आले आहे, त्याचा पगारातला आकडा कंपनीचाच ठेवा आणि शेअर विकताना खरेदी किंमत म्हणूनही तोच धरा. जे वेस्टिंग फॉर्म १६ मध्ये आलेच नाही, ते मात्र गप्प बसून सोडता येत नाही. म्हणून एकूण आकड्याला एकूण आकडा लावून पाहू नका. प्रत्येक वेस्टिंग सुटे करा, म्हणजे फरक कुठून आला ते लगेच दिसते. तो बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून येतो: शेअरचा भाव, डॉलरचा दर आणि तारीख.

आधी कागद गोळा करा. ब्रोकरच्या साइटवर प्रत्येक वेस्टिंगचे रिलीज कन्फर्मेशन असते. त्यात किती युनिट वेस्ट झाले, किती शेअर करासाठी विकले, किती खात्यात आले आणि कोणत्या तारखेला आले हे लिहिलेले असते. त्याच्याशेजारी त्या महिन्याची पगारपत्रिका, फॉर्म १६ चा भाग ब, फॉर्म १२बीए आणि आयकर पोर्टलवरून उतरवलेले एआयएस, म्हणजे खात्याकडे असलेली तुमच्या उत्पन्नाची नोंद, ठेवा. १२बीए मध्ये स्टॉक ऑप्शनची स्वतंत्र ओळ असते आणि त्यातली रक्कम भाग ब मधल्या कलम १७(२) च्या आकड्यात धरलेली असते. काही पेरोलवाले आरएसयू चुकून साध्या पगाराच्या १७(१) मध्येच टाकतात. तेव्हा १२बीए मध्ये शून्य दिसते आणि माणूस घाबरून तीच रक्कम पुन्हा वर जोडतो. त्यामुळे १२बीए मध्ये नाही म्हणजे धरलेच नाही, असे समजण्याआधी पगारपत्रिकांवरून १७(१) ची बेरीज करून पाहा.

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. खालचे भाव आणि दर हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून सोयीचे धरले आहेत. तुमच्या कागदांवरचे आकडे त्यांच्या जागी घाला. दर वेळी ६० शेअर वेस्ट होतात, त्यातले १९ कर भरण्यासाठी लगेच विकले जातात आणि ४१ खात्यात राहतात. कराचा दर ३० टक्के अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. सरचार्ज नाही.

| वेस्टिंग | तुमचा हिशेब | कंपनीचा हिशेब |
|---|---|---|
| १५ मे २०२४ | ६० × १०० डॉलर × ८३.२० = ४,९९,२०० | ६० × ९८.५० डॉलर × ८३.४० = ४,९२,८९४ |
| १५ नोव्हेंबर २०२४ | ६० × १२० डॉलर × ८४.०० = ६,०४,८०० | ६० × १२० डॉलर × ८४.३० = ६,०६,९६० |
| २८ मार्च २०२५ | ६० × ११० डॉलर × ८७.०० = ५,७४,२०० | फॉर्म १६ मध्ये नाही |
| एकूण | १६,७८,२०० | १०,९९,८५४ |

एकूण फरक ५,७८,३४६ रुपये. नुसता हा आकडा पाहिला तर कंपनीने मोठाच घोळ घातला असे वाटते. सुटे केल्यावर कळते की पहिल्या दोन वेस्टिंगमधला निव्वळ फरक ४,१४६ रुपयांचाच आहे आणि बाकीचे ५,७४,२०० म्हणजे अख्खे मार्चचे वेस्टिंग. या दोन गोष्टींचे उपायही वेगळे आहेत, म्हणून त्या एकत्र ठेवू नयेत.

पहिल्या ओळीतला भाव आधी पाहू. तुम्ही ब्रोकरच्या कागदावरचा त्या दिवसाचा बंद भाव, १०० डॉलर, धरला. कंपनीने ९८.५० धरला, कारण त्या दिवशी शेअर ९७ ला उघडला होता आणि ९७ व १०० यांची सरासरी ९८.५० येते. भारतात लिस्टेड असलेल्या शेअरसाठी नियम ३(८) उघडत्या आणि बंद भावाची सरासरीच घ्यायला सांगतो आणि बऱ्याच कंपन्या परदेशी शेअरलाही तीच पद्धत लावतात. नियमाच्या काटेकोर अर्थाने फक्त अमेरिकेत लिस्टेड असलेला शेअर भारताच्या दृष्टीने अनलिस्टेड ठरतो आणि त्याचे मूल्य मर्चंट बँकरने काढायचे असते. हे मूल्यांकन त्याच दिवसाचे असू शकते किंवा आधीच्या १८० दिवसांतले. तुमच्या कंपनीने असा अहवाल घेतला असेल तर तिचा भाव त्या दिवसाच्या बाजारभावापेक्षा बराच वेगळाही असू शकतो आणि तरी तो चूक ठरत नाही. पेरोलला विचारायचा प्रश्न म्हणून 'भाव चुकला का' असा नाही, तर 'भाव कोणत्या आधारावर घेतला' असा आहे.

दराचेही तसेच. टीडीएस कापताना कंपनीने नियम २६ पाळायचा असतो: ज्या दिवशी कर कापायचा, त्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परदेशी चलन विकत घेते तो दर. रिटर्नसाठी उत्पन्नाचे रुपयांत रूपांतर करताना नियम ११५ येतो आणि पगारासाठी तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा तोच टीटी बाइंग रेट घ्यायला सांगतो. म्हणजे मेमधल्या वेस्टिंगला कंपनी मेमधला दर लावते आणि नियम ११५ वाचून बसलेला कर्मचारी ३० एप्रिलचा. दोघांनीही नियम पाळला, तरी आकडे जुळत नाहीत. मेच्या ओळीत भावामुळे आकडा ७,४८८ रुपयांनी कमी झाला आणि दरामुळे १,१८२ रुपयांनी वाढला, म्हणून निव्वळ ६,३०६ कमी. नोव्हेंबरमध्ये भाव एकच होता. फक्त दरामुळे कंपनीचा आकडा २,१६० ने जास्त आला.

हे फरक रिटर्नमध्ये 'दुरुस्त' करू नयेत असे माझे ठाम मत आहे. एक कारण व्यवहाराचे. तुम्ही पगार फॉर्म १६ पेक्षा वेगळा दाखवला की पोर्टलवर आपोआप भरलेल्या आकड्याशी आणि एआयएसशी तो जुळत नाही आणि चारदोन हजारांच्या फरकासाठी खुलासे देत बसावे लागते. दुसरे कारण कायद्याचे आणि ते जास्त वजनाचे आहे. आयकर कायदा १९६१ चे कलम ४९(२एए) सांगते की असे शेअर विकताना खरेदी किंमत म्हणजे पर्क्विझिट ठरवताना जे बाजारमूल्य विचारात घेतले, तेच मूल्य. थोडक्यात, ज्या रकमेवर पगार म्हणून कर लागला, तेवढीच किंमत नंतर वजा मिळते. कंपनीने ६,३०६ रुपये कमी धरले, तर तेवढीच तुमची खरेदी किंमत कमी होते आणि तो कर विक्रीच्या वेळी भरला जातो. नोव्हेंबरचे २,१६० जास्त धरले, ते विक्रीच्या वेळी वजावटीत परत येतात. हिशेब आपोआप मिटतो, फक्त दोन्हीकडे एकच आकडा वापरायला हवा. पगारात कंपनीचा ४,९२,८९४ ठेवायचा आणि विकताना मात्र स्वतःचा ४,९९,२०० वजा करायचा, हे चालत नाही, कारण त्या ६,३०६ रुपयांवर मग कधीच कर लागत नाही.

यासाठी प्रत्येक वेस्टिंगची रुपयांतली प्रतिशेअर किंमत एकदाच काढून लिहून ठेवा. मेसाठी ४,९२,८९४ भागिले ६०, म्हणजे ८,२१४.९० रुपये. नोव्हेंबरसाठी ६,०६,९६० भागिले ६०, म्हणजे १०,११६ रुपये. भागताना ६० नेच भागायचे, ४१ ने नाही. खात्यात ४१ दिसतात म्हणून ४१ ने भागणारे मी बरेच पाहिले आहेत. तसे केले की किंमत फुगते आणि नफा खोटाच कमी दिसतो. करासाठी विकलेले १९ शेअरही आधी तुमचे झाले आणि मग विकले गेले. म्हणून पर्क्विझिट पूर्ण ६० वर असते.

पेरोलला नेमके काय विचारायचे ते इथे लिहून देतो, कारण मोघम ईमेल केला की उत्तरही मोघम येते: 'आर्थिक वर्ष २०२४-२५ मधल्या माझ्या प्रत्येक आरएसयू वेस्टिंगसाठी पर्क्विझिट धरलेली युनिटची संख्या, प्रतिशेअर बाजारमूल्य डॉलरमध्ये आणि ते कोणत्या आधारावर घेतले, वापरलेला विनिमय दर आणि त्याची तारीख, तसेच हे पर्क्विझिट कोणत्या महिन्याच्या पगारात घेतले, ही माहिती तक्त्याच्या रूपात द्यावी.' बहुतेक पेरोलवाल्यांकडे हा तक्ता तयारच असतो, कारण १२बीए त्याच्यावरूनच बनते. तो तक्ता शेवटचा शेअर विकेपर्यंत जपून ठेवा. सात वर्षांनी शेअर विकलात तर तेव्हाही हाच कागद लागेल आणि नोकरी बदललेली असेल तर तो मिळवणे फार जड जाते.

आता विक्री. एका वेस्टिंगच्या शेअरांच्या दोन विक्री असू शकतात आणि लोक नेहमी एकच दाखवतात. पहिली म्हणजे करासाठी झालेली ती १९ शेअरांची विक्री. ती कंपनीने केली, पैसे टीडीएसला गेले, आपल्या हाती काही आले नाही, म्हणून ती आपली नाही असे वाटते. पण शेअर तुमच्या नावावर विकले गेले. समजा मेमधले १९ शेअर १६ मेला ९९.५० डॉलरने गेले. भांडवली नफ्यासाठी नियम ११५ मध्ये विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर लागतो, म्हणजे ३० एप्रिलचा ८३.२०. विक्रीची रक्कम १,५७,२८९.६०. खरेदी किंमत १९ गुणिले ८,२१४.९०, म्हणजे १,५६,०८३.१०. नफा १,२०६.५०. डॉलरमध्ये पाहिले तर १०० ला मिळालेला शेअर ९९.५० ला गेला, म्हणजे तोटा. रुपयांत मात्र नफा. ही विसंगती नाही. कंपनीने पर्क्विझिट ९८.५० वर धरले होते, हे त्याचे कारण. नोव्हेंबरमधले १९ शेअर समजा १८ तारखेला ११९ डॉलरने गेले. ८४.०० ने १,८९,९२४ आले, किंमत १,९२,२०४, तोटा २,२८०. हा तोटा तुमचा हक्काचा आहे. न दाखवल्यास तो वाया जातो.

तुमच्या कंपनीत करासाठी शेअर विकण्याऐवजी कंपनीच ते अडवून ठेवत असेल, तर रिलीज कन्फर्मेशनवर विक्रीचा भाव आणि व्यवहाराची तारीख दिसत नाही, फक्त रोखून ठेवलेल्या शेअरांची संख्या दिसते. तिथे बाजारात विक्री झालेली नसते, त्यामुळे ब्रोकरच्या विक्रीच्या यादीतही ती ओळ येत नाही. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते कन्फर्मेशनवरून आधी ठरवा. पुढचा सगळा हिशेब त्यावर अवलंबून आहे.

दुसरी विक्री तुमची स्वतःची. समजा मेचे उरलेले ४१ शेअर १० फेब्रुवारी २०२५ ला १३० डॉलरने विकले आणि ३१ जानेवारीचा दर ८६.०० होता. विक्रीची रक्कम ५,३३० डॉलर, म्हणजे ४,५८,३८०. खरेदी किंमत ४१ गुणिले ८,२१४.९०, म्हणजे ३,३६,८१०.९०. नफा १,२१,५६९.१०. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवलेला नाही, म्हणून नफा अल्पकालीन, आणि त्यावर तुमच्या स्लॅबचा दर. भारतातल्या लिस्टेड शेअरचा १२ महिन्यांचा नियम आणि एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा कर, भरलेल्या शेअरचा सवलतीचा दर इथे लागत नाही. तेव्हा रिटर्नमध्येही एसटीटीच्या ओळीत ही विक्री टाकू नका. ब्रोकरने विक्रीवर घेतलेले शुल्क याच दराने रुपयांत करून वजा करता येते.

ब्रोकरच्या रिपोर्टमधले शून्य मानले असते, तर पूर्ण ४,५८,३८० नफा धरला गेला असता. म्हणजे ज्या ३,३६,८११ रुपयांवर मेमध्येच पगार म्हणून कर कापला गेला, त्यांच्यावर पुन्हा ३१.२ टक्के, सुमारे १,०५,००० रुपये. आरएसयू घेताना तुम्ही खिशातून काही दिले नाही, म्हणून ब्रोकरच्या यंत्रणेत किंमत शून्य किंवा रिकामी दिसते. कधी वेस्टिंगच्या दिवसाचा डॉलरमधला भाव दिसतो. तोही तुमच्या कामाचा नाही, कारण भारतात कर कोणत्या आकड्यावर कापला हे ब्रोकरला माहीतच नसते. ब्रोकरकडून संख्या, विक्रीचा भाव, विक्रीची तारीख आणि शुल्क एवढेच घ्या. किंमत नेहमी पेरोलच्या तक्त्यातून घ्या. कोणत्या वेस्टिंगचे शेअर विकले हेही ब्रोकरच्या रिपोर्टमध्ये लॉटनुसार दिसते. तेच रिटर्नमध्ये पाळा आणि पुढच्या वर्षीही त्याच क्रमाने चला.

पगारपत्रिकेचा एक कोपरा जरा जवळून पाहण्यासारखा आहे. मे महिन्याच्या कमाईच्या बाजूला आरएसयू पर्क्विझिट ४,९२,८९४ दिसेल आणि वजावटीच्या बाजूला तेवढीच रक्कम ऑफसेट म्हणून. ही रक्कम रोखीने दिलेली नसल्यामुळे नक्त पगारातून ती काढून टाकलेली असते. करातून ती वजा झालेली नसते. ही ऑफसेटची ओळ पाहून आरएसयूवरचा कर रद्द झाला असे समजू नका. त्याखाली त्यावरचा टीडीएस, ४,९२,८९४ चे ३१.२ टक्के म्हणजे १,५३,७८३, आणि करासाठी विकलेल्या शेअरांतून जमा झालेले पैसे दिसतात. शेअर पूर्ण आकड्यात विकावे लागतात, १८.७२ विकता येत नाहीत. त्यामुळे १९ विकल्यावर टीडीएसपेक्षा थोडे जास्त आले आणि ते पुढच्या पगारात परत मिळाले. हे परत आलेले पैसे उत्पन्न नाहीत. तुमच्याच शेअरच्या विक्रीचे ते पैसे आहेत आणि विक्रीच्या रकमेत ते आधीच धरले गेले आहेत. ब्रोकरच्या कन्फर्मेशनवर 'टॅक्स विथहेल्ड' असे लिहिलेले असते, ते पाहून काही जण अमेरिकेत कर भरला म्हणून फॉर्म ६७ भरायला जातात. तो कर भारतातच टीडीएस म्हणून जमा झालेला आहे आणि तुमच्या जमा कराच्या तक्त्यात, म्हणजे २६एएस मध्ये, कंपनीच्या नावासमोर दिसतो. फॉर्म ६७ त्याच शेअरांवरच्या लाभांशासाठी लागतो, कारण लाभांशावर अमेरिकेत कर खरोखर कापला जातो.

आता मार्चचे वेस्टिंग. इथे फक्त तारीख निर्णायक आहे, आणि कन्फर्मेशनवर तारखा एकापेक्षा जास्त असतात. २८ मार्च ही वेस्टिंगची तारीख. शेअर तुमच्या खात्यात कधी जमा झाले ती तारीख वेगळी. कलम १७(२)(६) कर्मचाऱ्याला दिलेल्या, म्हणजे अलॉट किंवा ट्रान्सफर झालेल्या शेअरवर बोलते. शेअर २ एप्रिलला जमा झाले असतील, तर कंपनीने ते एप्रिलच्या पगारात घेतले हे बरोबरच आहे आणि तुमच्या १६,७८,२०० मधून तुम्हीच ५,७४,२०० काढून टाका. प्रश्न संपला. शेअर ३१ मार्चला जमा झाले आणि मार्चचा पगार आधीच बंद झाला होता म्हणून कंपनीने ते एप्रिलमध्ये ढकलले, तर उत्पन्न २०२४-२५ चे आहे आणि टीडीएस मात्र २०२५-२६ चा झाला आहे. हा खरा घोळ.

तो सोडवण्याची सगळ्यात स्वच्छ जागा कंपनीच आहे. कंपनीचे शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरण, २४क्यू, ३१ मेपर्यंत जाते आणि फॉर्म १६ साधारण १५ जूनपर्यंत मिळतो. त्याआधी विचारलेत तर पर्क्विझिट योग्य वर्षात घालणे तिला सोपे असते. फॉर्म १६ निघून गेल्यावरही दुरुस्तीचे विवरण भरता येते, पण अनेक पेरोल टीम एका माणसासाठी ते करायला तयार होत नाहीत. एकाच दिवशी वेस्टिंग झालेले तुमचे सहकारी असतीलच. सगळ्यांनी मिळून मागणी केली तर उत्तर वेगळे येते.

कंपनी नाहीच म्हणाली, तर कायद्याला धरून असलेला मार्ग असा. ५,७४,२०० २०२४-२५ च्या रिटर्नमध्ये १७(२) खाली जोडा आणि त्यावरचा कर, सुमारे १,७९,१५०, लागू होईल त्या व्याजासह स्वतः भरा. एप्रिलमध्ये कापलेला टीडीएस या वर्षात मागू नका, तो या वर्षाच्या २६एएस मध्ये नाही. पुढच्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्ये हीच रक्कम पुन्हा येईल. तेव्हा ती पगारातून कमी दाखवावी लागेल आणि टीडीएसचा परतावा मागावा लागेल. त्या वर्षी विचारणा होण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून रिलीज कन्फर्मेशन, एप्रिलची पगारपत्रिका, आदल्या वर्षीचा हिशेब आणि चलन एकत्र ठेवा. रक्कम जोडताना एप्रिलच्या पगारपत्रिकेत कंपनीने जो आकडा धरला तोच घ्या, म्हणजे दोन वर्षांत दोन किमती होणार नाहीत. तुमचे उत्पन्न ५० लाखांच्या जवळपास असेल तर हे वर्ष कोणते हा प्रश्न आणखी महत्त्वाचा होतो, कारण त्यापलीकडे सरचार्ज लागतो आणि पाच-सहा लाख इकडचे तिकडे झाल्याने तुम्ही रेषा ओलांडू शकता. दोन्ही वर्षांत दर सारखाच असेल तर बरेच जण कंपनीच्या वर्षाप्रमाणेच चालतात. एकूण कर तेवढाच येतो हे खरे, पण उत्पन्न चुकीच्या वर्षात दाखवल्याची आणि व्याजाची जोखीम तुमच्यावर राहते, हे समजूनच तो निर्णय घ्या.

परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्युल एफए मध्ये, सगळे पुन्हा बदलते. तो तक्ता ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाचा आहे. आपल्या उदाहरणात २०२४ च्या अखेरीस मेचे ४१ आणि नोव्हेंबरचे ४१, असे ८२ शेअर होते. ते सगळे इथे दाखवायचे, जरी मेचे ४१ फेब्रुवारीत विकून झाले असले तरी. ती फेब्रुवारीची विक्री भांडवली नफ्यात येईल, या वर्षीच्या एफए मध्ये नाही. मार्चचे वेस्टिंग पगारात आले तरी एफए मध्ये ते पुढच्या वर्षी. उलट करासाठी विकलेले १९ अधिक १९ शेअर २०२४ मध्येच विकले गेले, त्यामुळे त्यांची विक्रीची रक्कम या तक्त्यात हवी. इथला दरही वेगळा लागतो: त्या त्या दिवसाचा टीटी बाइंग रेट, आदल्या महिन्याअखेरचा नाही. म्हणून एफए मधला आकडा पगाराशी किंवा नफ्याशी जुळवायचा प्रयत्न करू नका. तिथे फक्त शेअरांची संख्या जुळली पाहिजे. सुरुवातीचे अधिक वेस्ट झालेले वजा विकलेले बरोबर शिल्लक, एवढे पुरते. परदेशी शेअर असल्यामुळे आयटीआर-१ चालणार नाही. भांडवली नफा आणि एफए दोन्हीसाठी आयटीआर-२ लागतो, आणि व्यवसायाचे उत्पन्न असेल तर आयटीआर-३.

दरांविषयी एक व्यावहारिक अडचण. स्टेट बँक रोजचा दर प्रसिद्ध करते, पण जुन्या दरांचे सोयीचे भांडार साइटवर ठेवत नाही. म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा दरपत्रक उतरवून ठेवण्याची सवय लावा. तो दिवस सुटीचा असेल तर त्याआधीच्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेतला जातो. सेलिंग रेट किंवा रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांपैकी काहीच चालत नाही. इंटरनेटवर सहज मिळणारा 'आजचा डॉलर' तर नाहीच.

रिटर्न आधीच भरून झाला असेल आणि त्यात खरेदी किंमत शून्य लागली असेल, तर वेळ पाहा. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ साठी सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. त्यानंतरचा अपडेटेड रिटर्न कर वाढवण्यासाठीच भरता येतो. त्याने जास्त भरलेला कर परत मिळत नाही. उलट मार्चचे वेस्टिंग राहून गेल्याचे नंतर लक्षात आले, तर तिथे अपडेटेड रिटर्न उपयोगी पडतो, मात्र उशिराप्रमाणे वाढत जाणाऱ्या जादा करासह. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होत असल्यामुळे पुढे कलमांचे क्रमांक बदललेले दिसतील. २०२४-२५ च्या या हिशेबाला मात्र वर दिलेलीच कलमे लागतात, आणि कोणी नोटीसला उत्तर लिहून देत असेल तर त्याने जुने क्रमांकच वापरले आहेत ना, हे तपासा.